पयल्याच दिवशी मी अख्खी व्याख्यानमाला संपवली

मी दवंडीवाला. गळा मोठा, पण अक्षर एकबी ठाव नाई. अमरावतीच्या कापूसबाजारात कोनाचा बैल हरवला, कोनाचा लिलाव हाये, हे मी डफडं वाजवून सांगो. तवा सातासमुद्रापार कुठंशी लढाई लागली होती, अन् इकडं आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. बाजार गाड्यायनं तुडुंब राहे.

शाळेच्या मास्तरायनं तवा नवं वाचनालय काढलं होतं. त्यायच्या मनात आलं, गाडीवाले दिवसभर बसूनच रायतात, तं त्यायले कापसाचेच चार शब्द ऐकवावे. तीन बाजार, तीन पाव्हणे, तीन व्याख्यानं. मास्तर मले म्हने, "आमी बोललो की लोक उठून जातात. तू ओळख करून दे. आधी व्याख्यानमालेची, मग आजच्या पाव्हण्याची."

म्या म्हनलं, हात्तिच्या! ह्यात काय हाये?

आता दवंडीची रीत अशी, का प्रत्येक चौकात पुरी गोष्ट सांगा लागते. अर्धी ह्या चौकात अन् अर्धी त्या चौकात, असं चालत नाई. म्या तेच केलं. डफडं वाजवलं अन् ओरडलो, "या हो या! माती, बियाणं, गठान, जहाज, विलायतेचा भाव, समदं ऐका!" वरून कापूस दाबून गठान कशी बांधतात तेबी सांगतलं, जहाज कसं डुलते तेबी करून दाखवलं. मी कधी नदीतबी पोहलो नाई, पण डुललो लय झकास.

पाव्हणे होते अकोटचे एक म्हातारे पाटील. त्यायले फक्त काळी माती, बियाणं अन् बोंड फुटेपर्यंतचं सांगाचं होतं. ते उठले तं मागून एक जन ओरडला, "आबा, जहाजाचं सांगा ना!"

पाटील म्हनले, "बापू, मी तेल्हाऱ्याच्या पुढं गेलो नाई. जहाज कुठून आनू?"

लोक हासले. पाटलायनं बियाण्याचं घाईघाईनं सांगतलं अन् बसले. जातानी लोक एकामेकाले म्हनत होते, "झालं समदं. आता पुढच्या बाजारी कायले थांबाचं?"

वाचनालयाले पैसा देनाऱ्या वकीलमंडळीनं मास्तरले बजावलं: पुढच्या बाजारी मांडव रिकामा राहिला, तं तिसरं व्याख्यान होनार नाई. अन् तिकडं दुसऱ्या व्याख्यानाचे शेटजी अकोल्याहून बैलाच्या दमणीत बसून निघालेबी होते. मास्तरचं तोंड एवढंसं झालं.

मले म्हने, "बावा, माळ म्हनजे काय ते सांग. मागं काय झालं ते सांग. आज त्याच्या पुढं काय हाये ते सांग. पुढचं नुसतं दाखव, देऊ नको. अन् मग खाली बस."

हे बसाचंच मले अवघड. मी घरी बकरीसमोर बोलून पाह्यलं. बकरी उठून गेली.

बाजाराच्या दिवशी फाटकापाशी दवंडी देऊन राहिलो, तं कोनी ढुंकून पाहे ना. "ऐकलं ना गा आमी!" म्हनत. तिथं पेरू इकनारी एक माळीण बसे. ती त्यायच्यावर खेकसली, "काहून गा, एकदा कापूस येचला, एक येचा झाला, का पऱ्हाटी उपटून टाकता काय तुमी?"

माह्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्या तिचंच बोलनं उचललं, पेरूबी एक उचलला.

"मंडळी, ही तीन येच्यायची माळ हाये. वावर एकच: आपला कापूस घरातून निघून जाते कुठं. मागच्या येच्यात अकोटच्या पाटलायनं मातीपासून बोंड फुटेपर्यंत आनून सोडलं. आज अकोल्याचे शेटजी तिथूनच धरतीन. सरकी कशी निघते, गठान कशी बांधतात, अन् तुमचा चांगला माल मातेऱ्यात, कचऱ्याच्या भावात, काहून जाते, ते सांगतीन. जहाजाचं त्यायले इचारू नका, ते पुढच्या येच्यात. मांडवात चला!"

मातेऱ्याचं नाव काढलं अन् गाड्यायवरून माणसं उतरली. तिवशाचे आले, अकोटचे आले. मांडव भरला. मी तेच बोल तिथं पुन्हा बोललो अन् मास्तरनं सांगतलं तसा झटक्यानं खाली बसलो.

बसलो तो शेटजीनं काढून ठेवलेल्या पागोट्यावर.

शेटजी पागोटं झटकत उठले अन् म्हनले, "ह्या बावानं माह्यं पागोटं दाबलं, तशीच गठान दाबतात." लोक जे हासले, ते मग शेवटपर्यंत हालले नाई. संपता संपता शेटजी म्हनले, "माह्यी गठान इथं बांधून झाली. ती जाते कुठं, ते पुढचे पाव्हणे सांगतीन."

लोक उठले तसा एक गाडीवाला मास्तरापाशी आला. "मास्तर, तिसरा येचा येत्या बाजारीच हाये ना? का मधात खाडा?"

मास्तरनं वकिलायकडे पाह्यलं. वकिलायनं होकाराची मान हालवली. मास्तरनं मांडवाच्या खांबाले टेकून असा श्वास सोडला, का मले वाटलं खांबच हालला.

"हाये गा, हाये," ते म्हनले. मंग मले म्हनले, "पुढच्या टायमाले उभाच राह्य."

भाईर माळीण पेरूचे पैसे मागत उभी होती. ते मास्तरनं देले.