झूम करा ना, ताई

मला राग लवकर येतो, हे आमच्या दुकानात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या उन्हाळ्यात आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

शहाद्यात ठिबकचं सामान विकणारं एक दुकान आहे. पुढे पाइप, फिल्टर, नळ्यांची बंडलं, आणि मागच्या खोलीत मी. वीस वर्षं मी तिथे नकाशे काढते. शेत मोजून आणायचं, हद्द आखायची, विहीर कुठे, मोटार कुठे, मोठा पाइप कुठून न्यायचा, हे सगळं कागदावर उतरवायचं. आयटीआयमध्ये शिकले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. एक थेंब सांडला की दिवस वाया. त्या हातांनी नंतर माऊस धरला, आणि मला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

मग मालकांचा पुतण्या पुण्याहून इंजिनिअर होऊन आला. आल्या आल्या त्याने माझा जुना चौकोनी पडदा काढला आणि सत्तावीस इंची, फोर-के का काय म्हणतात तो, नवा पडदा बसवला. मालकांनी पेढे वाटले. मी पडद्यासमोर बसले आणि ड्रॉइंगचा प्रोग्राम उघडला. कडेला बटणांच्या रांगा होत्या, पण त्या बटणांचे तीळ झाले होते. कॉपीचं कुठलं, मिररचं कुठलं, ट्रिमचं कुठलं, काही कळेना. खाली कमांडची ओळ होती, तीत काय लिहिलंय ते वाचायला नाक काचेला टेकवावं लागत होतं.

"हे फार बारीक दिसतंय," मी म्हटलं.

"झूम करा ना, ताई," पुतण्या म्हणाला.

या चार शब्दांनी माझं डोकं फिरवलं. माऊसचं चाक फिरवलं की शेत मोठं होतं, बटणं मोठी होत नाहीत. केळीच्या दोन ओळी पडदाभर पसरतील, पण कडेची बटणं तेवढीच राहतील. हे मी त्याला करून दाखवलं. तो म्हणाला, "सवय होईल." आठवड्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा मालक मध्ये पडले, "डोया तपासी ल्या ताई. आते वय व्हयनं." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मालक हसून पुतण्याला म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी ऐकलं. मला ऐकू येतं, हे बहुतेक ते विसरले होते.

कमांड मी कीबोर्डवर बोटांनीच देते, त्यामुळे निम्मं काम निभत होतं. पण लेअरचं काय करायचं? लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपरच. एकावर हद्द, एकावर नवा पाइप, एकावर शेतात आधीपासून पुरलेली जुनी लाइन, एकावर माझ्या मदतीच्या रफ रेषा. त्यांच्या यादीत प्रत्येकीच्या ओळीत एक दिवा असतो, एक कुलूप असतं, एक छोटा प्रिंटर असतो. दिवा विझवला की ते लेअर पडद्यावरून जातं. प्रिंटर बंद केला की ते पडद्यावर दिसतं, पण कागदावर छापलं जात नाही. रफ रेषांचा प्रिंटर मी नेहमी बंद करते. त्या शेतकऱ्याला दाखवायच्या नसतात.

सारंगखेड्याकडच्या एका केळीवाल्याचा नकाशा होता. मोजायला मीच गेले होते. त्याचे म्हातारे वडील काठी टेकत माझ्या पुढे चालले होते आणि जुनी लाइन कुठून गेली ते बांधाबांधाने दाखवत होते. वीस वर्षांपूर्वी पुरलेली, वर काही खूण नाही. मी ती नीट मोजली आणि नीट काढली.

छापायच्या वेळी यादी उघडली, रफच्या ओळीतला प्रिंटर दाबला. कागद आला तर रफ रेषा तशाच. चडफडत परत गेले, डोळे बारीक करून पुन्हा दाबलं. या वेळी रेषा गेल्या. मी सुटले. पहिल्या वेळी मी वरच्या ओळीतला प्रिंटर दाबला होता, आणि वरच्या ओळीत होती जुनी लाइन. पडद्यावर ती लालभडक दिसत होती. कागदावर नव्हती.

क्लिक माझंच होतं, ते मी कधी नाकारलं नाही. कागद पडद्याशी ताडून बघायला हवा होता, तोही बघितला नाही.

चौथ्या दिवशी जेसीबीवाल्याने तो कागद बघून चर खणला आणि जुनी लाइन फोडली. त्या लाइनवर पलीकडची उभी बाग होती, घड लागलेली. मे महिना, आणि दोन दिवस पाणी नाही. केळीवाला दुकानात आला तेव्हा त्याच्या पायांना चिखल होता. त्याने माझा नकाशा काउंटरवर पसरला आणि मला विचारलं, "ताई, मन्हा बापनी तुम्हले लाइन दखाडेल व्हती ना?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जुनी लाइन जिथे असायला हवी होती, तिथे त्याने कागदावर बोट फिरवलं.

मालकांनी त्याच्यासमोरच तक्रारीची वही काढली. त्या वहीत तक्रार, कारण, उपाय असे तीन रकाने आहेत. कारणाच्या रकान्यात मालकांनी लिहिलं: "ड्राफ्टिंगच्या बाईंना नीट दिसत नाही." उपायाच्या रकान्यात लिहिलं: "काम दुसऱ्याकडे दिले." मग वही फिरवून केळीवाल्याची सही घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर ज्याचं नुकसान झालं तो माणूस उभा होता, आणि त्याच्यापुढे मी कुठल्या तोंडाने भांडणार?

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर पुतण्या, आणि मी पुढे नळ्यांची बंडलं मोजायला. वीस वर्षांनी! नंदुरबारला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा आहे तो बरोबर आहे, या वयात असतात तसे डोळे आहेत. मी त्यांना पडद्याचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग अक्षरं मोठी करा की. डोळ्यांत मी काय मोठं करू?"

दुकानाच्या जाहिरातीची पत्रकं करायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं होतं, कारण पुतण्याला त्याचा कंटाळा. एका दुपारी तो साइटवर गेला होता. मी मागच्या खोलीत फोटोचा प्रोग्राम उघडला. पत्रकाचं माप मिलिमीटरमध्ये हवं होतं म्हणून प्रेफरन्सेसमध्ये गेले. युनिट्सचं पान शोधताना इंटरफेसचं पान उघडलं. तिथे लिहिलेलं होतं, यूआय स्केलिंग, म्हणजे बटणं-अक्षरं किती मोठी दिसावीत ते. आपोआप, शंभर टक्के, दोनशे टक्के. मी दोनशे निवडलं. ते लगेच काही करत नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. पुन्हा उघडला, आणि कात्री कात्रीसारखी दिसली, ब्रश ब्रशसारखा.

मला आनंद झाला असं कुणाला वाटेल. मला आला राग. हे इथेच होतं. चार महिने इथेच पडलेलं होतं.

मग "आपोआप" म्हणजे कुणाकडे बघून आपोआप, हे मी शोधायला लागले. ते कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सेटिंगकडे बघतं. डिस्प्लेचं पान उघडलं. स्केल शंभर टक्के. यादी खाली ओढली, तर दीडशेपुढे कॉम्प्युटरने स्वतःच लिहिलं होतं की हे शिफारस केलेलं आहे. नव्या पडद्याला दीडशे हवं हे त्या यंत्राला कळत होतं. कुणीतरी हाताने ते शंभरावर आणलं होतं. मी दीडशे केलं.

ड्रॉइंगचा प्रोग्राम जुना, तो या सेटिंगला जुमानेना. बाकी सगळं मोठं झालं, त्याची बटणं तेवढीच. आता मी हट्टाला पेटले होते. मोबाइलवर शोधलं. त्या प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे विचारतात की लहानमोठं करायचं काम कुणी करायचं, प्रोग्रामने की सिस्टीमने. मी सिस्टीमवर टाकलं. प्रोग्राम उघडला. रेषा किंचित मऊ दिसत होत्या, पण लेअरच्या यादीत दिवा दिवा होता, कुलूप कुलूप होतं, आणि प्रिंटर बोटाने दाखवता येईल एवढा होता.

पुतण्या परत आल्यावर मी विचारलं, "शंभरावर कुणी आणलं?"

"मीच," तो म्हणाला. "दीडशेवर रेषा पुसट येत होत्या. आणि पडद्यावर जास्त मावतं."

"मी तीनदा सांगितलं तेव्हा हे आठवलं नाही?"

"तुम्ही स्केलिंग असं म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात बारीक दिसतं."

म्हणजे दुखतंय हे सांगताना रोगाचं नावही मीच सांगायचं होतं.

मी मालकांना आत बोलावलं. सगळं होतं तसं पुन्हा शंभरावर आणलं, केळीवाल्याचा नकाशा उघडला आणि त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "रफचा प्रिंटर बंद करा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. मान पुढे नेली, मागे नेली. दाबलं. हद्दीचा प्रिंटर बंद झाला. पुन्हा दाबलं. जुनी लाइन.

"माऊस बिघडी गया," ते म्हणाले.

"माऊसचे डोळे तपासून आणू का?" मी विचारलं. पुतण्या दाराकडे बघायला लागला.

मग मी सगळं पुन्हा दीडशेवर आणलं आणि तेच करायला सांगितलं. पहिल्या फटक्यात जमलं. मालक उठले, म्हणाले, "बठा ताई, तुम्हनी खुर्ची शे." त्यांच्या हिशेबी विषय संपला होता. मी बसले नाही. काउंटरवरून वही आणली आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे खोडा."

"जाऊ द्या ना ताई. कागदच तो."

"कागदावर नव्हतं ते जेसीबीने फोडलं," मी म्हणाले. माझा आवाज पुढच्या दुकानापर्यंत गेला असेल, जाऊ दे. "कागदच तो म्हणू नका. या ओळीखाली त्या माणसाची सही आहे. त्याच्या घरात मी आंधळी आहे."

मालकांनी पेन घेतलं. वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "सेटिंगचा दोष." जणू ती सेटिंग झाडाला लागली होती. मी वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं: "पडद्याचे स्केल शंभर टक्के ठेवले होते. तक्रार तीन वेळा केली, कोणी ऐकली नाही. छपाई ताडून न पाहणे ही माझी चूक." सही केली आणि शेजारी मालकांच्या सहीसाठी जागा सोडली.

रविवारी त्या पानाची झेरॉक्स घेऊन मी सारंगखेड्याला गेले. केळीवाला शेतात होता. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली, मग कागदावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "आठे कोननी सही ऱ्हायनी?"

मी सांगितलं, मालकांची. ती अजून झालेली नाही. मी माझ्या खुर्चीवर बसून नकाशे काढते, आणि दर सोमवारी वही त्या पानावर उघडून मालकांच्या पुढे ठेवते.