जानेवारी : एकोणतीस, बारा

माझ्या नवऱ्याने अमेरिकेतून पाठवलेला तो कागद आठवला, की आजही माझं डोकं फिरतं. चार ओळींचा कागद. डिसेंबर : पस्तीस, एकोणीस. जानेवारी : एकोणतीस, बारा. फेब्रुवारी : चौतीस, सोळा. मार्च : पंचेचाळीस, सत्तावीस. वर लिहिलेलं, दिवसाची सरासरी आणि रात्रीची सरासरी. हे आकडे कशाचे, फॅरनहाइटचे की सेंटिग्रेडचे, ते कुठेच नव्हतं. विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या पुस्तिकेत बारा महिन्यांचा छापील तक्ता होता. आम्ही डिसेंबरात जाणार म्हणून या शहाण्याने त्यातले चारच महिने हाताने उतरवून काढले आणि छापलेलं माप तिथेच ठेवून दिलं. तिकडे सगळे एकाच मापात बोलतात, त्याला वाटलं आम्हीही बोलत असू. शेतकीचं मोठं शिक्षण घेणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

बासष्ट सालची गोष्ट. मी घाटंजीला सासरी होते, पोटची पोरगी नऊ महिन्यांची. शिष्यवृत्तीवर गेलेल्या नवऱ्याकडे आम्ही दोघींनी विमानाने जायचं ठरलं होतं. सामान वीस किलो. पोरीला वेगळी जागा नाही म्हणून तिच्या नावाचं सामानही नाही. त्या वीस किलोंत काय जाईल, हे ठरवायचं होतं त्या चार ओळींवरून. आणि ठरवणार होते मामाजी, म्हणजे माझे सासरे.

मामाजी शाळामास्तर. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तेव्हा वस्तीत त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं की मुलींना शाळेतून काढायचं नाही. मी मॅट्रिक झालेली, हे त्यांना आमच्या सोयरिकीत सगळ्यात जास्त आवडलेलं. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग जात नाही.

सरकारने नवी मापं आणली, तेव्हा घाटंजीत त्यांचा सगळ्यात मोठा प्रचारक म्हणजे मामाजी. शेर म्हणणाऱ्याला ते किलो म्हणायला लावत. आठवडी बाजारात गजाने कापड मोजणाऱ्याशी त्यांनी भांडण केलं होतं. वर्तमानपत्रात हवा सेंटिग्रेडमध्ये छापून येऊ लागली, तेव्हा ते रोज फळ्यावर यवतमाळचा आकडा लिहीत. त्यामुळे नवऱ्याचं पत्र आलं आणि त्यांनी चष्मा लावून तो तक्ता वाचला, तेव्हा त्यांच्या मनात दुसरं माप आलंच नाही.

आमच्याकडे अमेरिकेचं पत्र एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. वस्तीतला पहिला मुलगा परदेशी गेलेला, त्याचं पत्र सगळ्यांचं. संध्याकाळी ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमत आणि मामाजी मोठ्याने वाचत. त्या दिवशी त्यांनी तक्ता वाचला आणि हसून कागद मांडीवर ठेवला.

"जानेवारीत दिवसा एकोणतीस, रात्री बारा. आपलं यवतमाळच झालं की हे. अन् मार्चात पंचेचाळीस, म्हणजे आपला मे महिना. लोक उगाच भेवाडतात थंडीचं."

सगळ्यांना पटलं. खोटं कशाला सांगू, मलाही पटलं. चारही ओळी यवतमाळच्या कुठल्या ना कुठल्या महिन्याशी अशा जुळत होत्या की कोणी मुद्दाम जुळवाव्यात. पत्रात खाली नवऱ्याने लिहिलं होतं, गरम कपडे आणा. त्यावर मामाजी म्हणाले, पोरगं लहानपणापासूनच थंडीला भ्यायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पेटी उघडून सामान लावलं. मी पोरीसाठी विणलेले दोन लोकरीचे स्वेटर, टोपडं, मोजे आणि बाजारातून आणलेली घोंगडी त्यांनी बाहेर काढली. त्या जागी तुरीची डाळ, सांडगे, कुरड्या आणि भात शिजवायचा पितळेचा एक गंज गेला. पोरीसाठी शिंप्याकडून मलमलची पाच झबली शिवून आणली, मार्चातल्या उन्हासाठी. सुनेने पेटीवरून बोलायचं नसतं, हे मला मॅट्रिकच्या आधीच शिकवलं गेलं होतं.

मग चारेक दिवसांनी मी ते पत्र पुन्हा वाचलं, एकटीने, पोरीला पाजताना. शेवटच्या पानावर एक साधी ओळ होती. परवा साठ होतं, तर सगळी मुलं नुसत्या शर्टावर बाहेर गवतावर पडली, म्हणाली काय छान हवा आहे. ओसरीवर ही ओळ घाईत वाचली गेली असावी. मी तिथेच थांबले. साठ सेंटिग्रेडला माणूस गवतावर पडत नाही, मरून पडतो. म्हणजे हे आकडे फॅरनहाइटचे. ज्या मापात आपण ताप मोजतो त्या मापातले. आणि त्या मापात पाणी बत्तिसावर गोठतं. जानेवारीचा दिवस एकोणतीस. म्हणजे भर दुपारीही सरासरी गोठणबिंदूच्या खाली, आणि रात्र बारा.

नऊ महिन्यांची पोर आणि मलमलची झबली.

मी पत्र घेऊन मामाजींकडे गेले. बोट ठेवून ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, साठावर काट मारली आणि वर लिहिलं, सोळा. म्हणाले, घाईत लिहिताना अंक चुकला असेल, पोरगं अंकांचं पहिल्यापासून धांदरट. तक्त्याबद्दल काही बोलले नाहीत. मुलाचं पत्र दुरुस्त करायला त्यांना क्षण लागला नाही. स्वतःचं बोलणं दुरुस्त करायला मात्र जीव जड झाला, कारण ते ओसरीवर वीस माणसांपुढे बोलून झालं होतं. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल.

नवऱ्याला विचारायला वेळ नव्हता. विमानाच्या पत्राला जायला बारा दिवस, यायला बारा, आणि आमचं निघणं अठरा दिवसांवर.

दोन दिवस मी विचार करत होते. मग वस्तीतली माणसं भेटीला आली, ओसरी भरली, आणि मामाजींनी पुन्हा तोच विषय काढला. इथल्यासारखीच हवा, पोरीला काही त्रास नाही. मी आतून पोरीची पाटी घेऊन बाहेर आले. तिच्या बारशाला मामाजींनीच आणलेली ती पाटी होती, तोवर कोरी. सासऱ्यांसमोर, इतक्या माणसांत, मी जमिनीवर बसले आणि हिशेब मांडला. साठातून बत्तीस गेले, अठ्ठावीस. गुणिले पाच, एकशे चाळीस. भागिले नऊ, साडेपंधरा.

"मामाजी, तुमी दुरुस्त करून सोळा लिहिले ते बरोबरच हाये," मी म्हणाले. "साठ फॅरनहाइट म्हणजे सोळाच होते. आता त्याच रीतीनं जानेवारीचे बारा करून पाहा."

बारातून बत्तीस जात नाहीत. मी उणे वीस लिहिलं. गुणिले पाच, भागिले नऊ. उणे अकरा. उणे अकरा म्हणजे काय, हे ओसरीवर फारसं कोणाला कळलं नसावं, पण मामाजींना कळलं. मी त्यांना हेही सांगितलं की बारा ही सरासरी आहे. आपल्याकडे जानेवारीची सरासरी दरवर्षी तशीच असते, तरी एखाद्या रात्री असा गारठा पडतो की उभी तूर जळून जाते. तिकडेही अशा रात्री येणारच, बाराच्या खालच्या.

"हे लोकांसमोर सांगाचं होतं काय?" मामाजी म्हणाले.

मी म्हणाले, "एकट्यात सांगतलं होतं. तवा तुमी पेन्सिल काढली."

ते उठून बाहेर निघून गेले. माणसंही हळूहळू उठली, मला कोणी नजर दिली नाही. आपण फार मोठं पाप केलं असं मला वाटायला लावलं त्या ओसरीने. आणि चूक काय, तर वजाबाकी. सासूबाई तेवढ्या आतून आल्या. त्यांनी पेटी उघडली, गंज उचलून बाजूला ठेवला, डाळीची पिशवी काढली आणि घोंगडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, घे, पोरगी गारठली तर कोणाचं तोंड पाहाशीन. मी स्वेटर, मोजे, टोपडं आत घातलं. झबली बाहेर काढली. सांडगे ठेवले, तेवढी जागा होती.

निघेपर्यंत मामाजी माझ्याशी बोलले नाहीत. धामणगावच्या स्टेशनवर त्यांनी पोरीला घेतलं, तिचे मुके घेतले, माझ्या नमस्काराला हात वर केला आणि रुळांकडे पाहत राहिले.

आम्ही उतरलो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे चार वाजले होते. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि नाकातलं पाणी गोठल्यासारखं वाटलं. पोरगी दोन्ही स्वेटर, टोपडं, वरून घोंगडी अशा गाठोड्यात होती आणि त्या गाठोड्यातून रागाने किंचाळत होती. किंचाळते आहे म्हणजे ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होते. नवरा कोट घेऊन धावत आला. रस्त्यात म्हणाला, आज आठ आहे. मी विचारलं, आठ काय? तो गोंधळला. मग रडू आणि राग एकदमच आला आणि मी त्याला भर रस्त्यात सगळं सांगितलं.

मी म्हटलं, मामाजींना लिहा, आठ. त्याने लिहिलं, आम्ही सर्व खुशाल, पोरगी मजेत, हवा छान. पत्र ओसरीवर वाचलं जाणार, बाबांची शोभा कशाला, असं त्याचं म्हणणं. माझी ओसरीवर जी शोभा झाली तिचं काय, असं मी विचारलं, तर त्याने पाकीट चिकटवलं.

म्हणून मी स्वतः लिहिलं. सासऱ्यांना माझ्या हातचं ते पहिलंच पत्र. मामाजींना सप्रेम जयभीम. आम्ही पोहोचलो त्या दिवशी इथे आठ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे तेरा सेंटिग्रेड. पोरीने दोन्ही स्वेटर घातले होते. खाली सही केली, स्वतःचं पूर्ण नाव लिहून.

महिन्याने उत्तर आलं, माझ्या नावावर. मला वाटलं, आता तरी चुकलो म्हणतील. आत दोनच ओळी होत्या, मामाजींच्या वळणदार अक्षरात. पोरीला जप. आकड्यापुढे माप लिहिलंस आणि रूपांतर अचूक केलंस, दहापैकी दहा.

जिथे मला त्यांची चूक कबूल झालेली हवी होती, तिथे त्यांनी मला गुण दिले होते.