एल साइज, नऊ ते चौदा किलो

परळला भोईवाड्याकडे वळताना आमचं मेडिकलचं दुकान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या नवरा बघतो, बाकीचं दुकान माझं. पावडरी, साबण, डायपर, आणि गिऱ्हाइकांशी वाद घालणं, हेही माझंच. माझ्या तोंडाला लगाम नाही असं सासूबाई आयुष्यभर म्हणत आल्या. त्यांचं बाकी काही मी मानलं नाही, पण हे खरं आहे.

हल्ली कोणी वस्तूचं नाव सांगत नाही, मोबाइल पुढे करतात. अर्धवट, हललेला, वर स्वतःचा अंगठा आलेला फोटो. त्यावरून पाकीट ओळखण्यात माझा हात धरणारा परळमध्ये कोणी नाही, अशी माझी घमेंड होती. कोपऱ्याचा रंग दिसला तरी मी कंपनी सांगायचे.

त्या सकाळी एक म्हातारी बाई आल्या. नऊवारी नव्हती, साधी गोल साडी, हातात कॅन्सरच्या हॉस्पिटलची पिशवी. आमच्या भागात ती पिशवी दिसली की बाकीचं विचारावं लागत नाही. त्यांनी सुनेचा मोबाइल पुढे केला.

"बाय, ह्याच व्हया. सून वॉर्डात बसली हा, तिणा फोटो दिल्यान."

फोटोत एक गुटगुटीत पोरगी फरशीवर बसलेली, आणि तिनं डायपरचं पाकीट ढोलकीसारखं मांडीवर घेतलेलं. गालाला खळ्या. मी पोरीकडे पाहिलंच नाही म्हणा ना. फोटो मोठा करून पाकीट वाचलं. खालच्या कोपऱ्यात एल, त्याच्या शेजारी नऊ ते चौदा किलो, चड्डीसारखी घालायची पँट, बारा तास कोरडं राहण्याचा दावा. ते पाकीट येणं केव्हाच बंद झालं होतं.

"हे नाही मिळायचं, मावशी. पण याच्या तोडीचं देते. नातीचं वजन किती?"

बाई एकदम मागे सरकल्या. "वजन कित्याक व्हया? पोराचा वजन कोणाक सांगूचा नसता. दृष्ट लागता."

"बरं बाई, नका सांगू. वय?"

"दीड वरीस."

"आणि फोटो?"

"वाढदिवसाच्या आदलो."

झालं! मी हिशेब केला आणि हसत म्हटलं, "अहो मावशी, मग आता एल कसं होईल? एक्सएल घ्या. बारा ते सतरा किलो. पोरं वाढतात हो, घटत नाहीत!"

दुकानातली दोन माणसंही हसली. बाई हसल्या नाहीत. "नको. फोटोत हा ताच दी," म्हणाल्या.

मी दुसऱ्या कंपनीचं एल काढलं. एका कंपनीचं एल म्हणजे दुसरीचं एल असतंच असं नाही, म्हणून अक्षर न बघता किलो बघावे लागतात. ते बघितले, नऊ ते चौदा. पँट, बारा तास. सगळं तंतोतंत. मी खूश. फोटोतल्या पाकिटाशी मी सगळं जुळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. भांडायला आल्यात असं वाटून मी पदर खोचला. पण त्या भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बाय, सगळा भायर येता. चादर ओली, अंग ओला. मांडये सोलपाटले हत. हात लावलो की रडता."

"अहो, पण बारा तासांचं आहे ते!"

"तिका सलाईन लावलेला हा. भरून येता सारखा. आनी ह्या..." त्यांनी पिशवीतून एक कोरा डायपर काढला आणि मांडीच्या झालरीत आपली अख्खी मूठ घालून दाखवली. "एवढी जागा रवता."

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर आलं. डायपरमध्ये शोषायची ताकद कितीही असू दे, मांडीशी फट राहिली की सगळं बाजूनं वाहणार. तो डायपर ढिला होता, फार ढिला. नऊ किलोच्या कितीतरी खालच्या पोरीला मी एक्सएल घालायला निघाले होते. वर विनोद केला होता. देवा रे, ही माझी जीभ!

मी तीन पाकिटं काउंटरवर ओळीनं ठेवली. "मावशी, तोंडानं काही बोलू नका. दृष्ट लागायला नको. नुसतं बोट ठेवा."

बाईंनी मागे-पुढे बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांचं बोट एलवरून गेलं. एमवर, सात ते बारावर, जरा थांबलं. मग एसवर आलं आणि तिथंच राहिलं. चार ते आठ किलो. दीड वर्षाची, फोटोत ढोलकी वाजवणारी पोर.



मग मी कामाला लागले, कारण रडले असते. एसमध्ये दोन कंपन्या होत्या. औषधाच्या मापानं दोन्हींत सारखंच पाणी ओतलं, थोडं थांबून वर टिश्यू दाबला. एकाचा भिजला, दुसऱ्याचा जवळजवळ कोरडा. तो घेतला. पँट न घेता चिकटपट्टीचा, म्हणजे नळ्या लावलेल्या पोरीचे पाय उचलून ओढाओढी करायला नको, आणि कमरेला हवा तसा आवळता येतो. बाईंना समजावलं, "लहान साइजमध्ये मावतं कमी. सलाईन चालू आहे तोवर भरायची वाट बघू नका, दोन तासांनी बदला. ही पिवळी रेघ निळी झाली की ओला झाला."

"नर्स ओलो डायपर काट्यार घालता. लघवी मोजूक."

"मग हा नवा आधी कोरा वजन करून घ्या म्हणावं. कंपनी बदलली की कोऱ्याचं वजनही बदलतं. नाहीतर त्यांचं माप चुकेल."

त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. जाताना म्हणाल्या, "फोटो दाखवूक नको होतो मी."

"तुमचं काही चुकलं नाही हो. चुकले मी."

त्यानंतर त्या तीनदा आल्या. मांड्यांवरचं सोललेलं सुकतंय म्हणाल्या, पोर निवांत झोपली म्हणाल्या. मी वजन विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दर वेळी मी नुसती पाकिटं पुढे करायचे आणि त्या एसवर बोट टेकवून मान हलवायच्या. एकदा, फक्त एकदाच, त्यांचं बोट एमकडे सरकून परत आलं. "होतला, होतला," असं स्वतःशीच पुटपुटल्या. मी मूर्खासारखं त्याच दिवशी एमचं एक पाकीट त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलं.

मग आठवडाभर त्या आल्या नाहीत. आल्या त्या भर दुपारी, दुकानात गर्दी असताना. हातात एसचं अर्धं पाकीट, तोंड रबरानं नीट बांधलेलं.

"ह्या कोणाक होयत तर दी, बाय. चांगले हत."

मला विचारायची गरज नव्हती. मी काउंटरच्या बाहेर आले, त्यांचा हात धरला. त्या रडत नव्हत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सा किलो दोनशे ग्राम. तू ईचारलं हुतंस ना त्या दिवशी?"

मी म्हटलं, "मावशी, राहू दे हो."

"सांगतंय ना. आता कोणाची दृष्ट लागतली?"