दोन खोक्यांइतका वेळ

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगवर ज्या बायका आहेत, त्यांचे सुट्टीचे अर्ज मी लिहून द्यायचे. बारा-चौदा वर्षं हेच केलं. तेवढ्यात मी निम्मा सिल्लोड तालुका मारला. एकीचे चुलतसासरे तीनदा वारले, आणि तिसऱ्या खेपेला त्यांना जरा जास्तच त्रास झाला, कारण तिला चार दिवस पाहिजे होते. दुसरीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, तर तिच्या घराचं छत मी असं पाडलं की ऑफिसातल्या साहेबांनी घाबरून फोन केला आणि विचारलं, "मुलंबाळं सुखरूप ना?" माझी स्वतःची सासू तर माझ्या हातून दोनदा गेली. ती आजही दोन भाकरी खाते आणि मीठ कमी म्हणून मला बोलते.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं हेच माझ्या आडवं आलं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथं काय बनतं तेही नाही. माझी तक्रार ऐकणाऱ्या समितीनं बजावलंय की निकाल काय लागला तेवढं बोलता येतं, माणसं ओळखू येतील असं काही नाही. एरवी मी कुणाच्या बजावण्याला भीक घालत नाही. पण ह्या वेळी दमलेय, आणि दमलेला माणूस लवकर ऐकतो.

झालं ते असं. आमच्या पट्ट्यावरून खोकी येतात आणि मी त्यांना टेप मारते. दिवसभर उभं राहून हे काम. पायाचं पार लाकूड होतं. आमचा सुपरवायझर मागून फिरायचा. एका मंगळवारी पहिल्या शिफ्टला त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. मी खांदा काढून घेतला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कमरेवर ठेवला. मी म्हणाले, "साहेब, हात लावू नका." त्यानं हात काढला आणि पुढं गेला.

बास. एवढंच. पण मला घरी जाऊन एवढंच कसं लिहिता येईल? रात्रभर काम करून माझ्या पेनानं चार पानं भरली. त्यात वादळ होतं, गिधाड होतं, आणि एका अबलेचे अश्रू होते. ते कुणाचे होते काय माहीत, मी त्या दिवशी रडलेच नव्हते. मला राग आला होता आणि पाठ अवघडली होती.

माझी मागणी एकच होती. उरलेली नोकरी मला त्या माणसाच्या हाताखाली, म्हणजे अक्षरशः त्याच्या हाताखाली, काढायची नव्हती. आणि माझं कुणी खरं धरेल का, हा घोर होता. मी स्वतःच धरलं नसतं.

बायकांच्या असल्या तक्रारींसाठी आमच्याकडे अंतर्गत समिती आहे. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर तिचा बोर्ड आहे, त्यावर आम्ही हात पुसायचा टॉवेल अडकवायचो. समितीच्या अध्यक्षा म्हणजे स्टोअरच्या मॅडम. माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर, आणि चेहरा सदा असा की आत्ताच मोजणी संपली आणि पुन्हा करायला सांगितली. मी चार पानं पुढं ठेवली.

त्यांनी पहिलं पान वाचलं. मग म्हणाल्या, "ताई, हा अर्ज तुम्हीच लिहिला ना?"

"व्हय. का?"

"आडनावाशिवाय ओळखू येतोय. बसा."

मी बसले. बसायला मिळालं हेच त्या दिवशी खूप होतं.

"हे बघा, मी ह्यात माझा एक शब्द घालणार नाही. मला नंतर चौकशीला बसायचंय. लिहायला मदत करू शकते, म्हणजे फक्त विचारीन. लिहायचं तुम्ही. इथं लिहिलंय 'रोज रोज'. रोज?"

"म्हणजे लई वेळा."

"गेल्या महिन्यात ते आठवडाभर रजेवर होते. हजेरीच्या मशीनला ठाऊक आहे. तुम्ही रोज म्हणालात की ते एवढा एकच आठवडा पुढं करतील, आणि बाकीचं सगळं त्याच्याखाली गाडलं जाईल. किती वेळा?"

मी बोटं मोजली. चार पानांतली रोजची छळछावणी दोन बोटांत संपली. एकदा अरुंद वाटेत धक्काही लागला होता, तेही सांगितलं.

"मुद्दाम?"

"शिफ्ट सुटली होती, गर्दी होती. सांगता येत नाय."

"मग तसंच लिहा. नायतर सोडून द्या."

मी तसंच लिहिलं. माझ्या पेनानं आयुष्यात पहिल्यांदा 'सांगता येत नाही' असे शब्द काढले. त्याला बिचाऱ्याला सवय नव्हती.

मॅडमनी पान उलटलं. "'त्याच्या डोळ्यांत वासनेचा वणवा पेटला होता.' ते मागं उभे होते ना?"

"व्हय."

"मग डोळे कुठून दिसले?"

वणवा तिथंच विझला.

"त्यांच्या मनात काय होतं ते आपण लिहायचं नाही. कुठं हात ठेवला, तुम्ही काय केलं, काय बोललात, ते काय बोलले, कोण जवळ होतं, एवढंच. आणि अंगाचं वर्णन नको. खांदा म्हणजे खांदा, कंबर म्हणजे कंबर. आता शेवटचं. 'तासभर हात ठेवला.'"

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती, थकवा होता. तोच बघून मी शरमले.

"शुक्रवारी," मी म्हणाले, "दोन खोकी."

"काय दोन खोकी?"

"दोन खोकी टेपशिवाय पुढं गेली. तेवढा वेळ. एक आलं तेव्हा माझा हात थांबला. दुसरं गेलं तेव्हा मी त्याला बोलले."

"हे का नाही लिहिलं?"

कसं लिहिणार? खोकं सुटलं की माझी चूक. पट्ट्याच्या टोकाला तपासणी आहे, तिथल्या वहीत ते चढतं. चौदा वर्षांत माझं असं फार कमी वेळा झालंय, म्हणजे हे मीच सांगतेय, निम्मं धरा. माझ्या अर्जांत माणसं मरायची, छतं पडायची, पण लिहिणारीची चूक कधी नसायची. ती दोन खोकी मी त्या 'तासभर'मध्ये गुंडाळून टाकली होती.

"लिहा," मॅडम म्हणाल्या.

शेवटी एक पान झालं, तेही पुरतं नाही. दोन दिवस, दोन शिफ्ट, वेळ, खांदा, कंबर, मी काय केलं, काय बोलले, दोन खोकी. खाली साक्षीदाराचं नाव. सहा प्रती काढल्या. त्यातली एक त्याला जाणार होती. निकाल लागेपर्यंत मी त्याच्या शिफ्टला नको असंही लेखी मागितलं. ते समितीनं वर सुचवलं, आणि त्यालाच दुसऱ्या पट्ट्यावर नेलं.

साक्षीदार म्हणजे टोकाची तपासणीवाली पोरगी. खुलताबादची, लग्न होऊन वर्ष झालेलं. मी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. तू सगळं पाहिलंस, असं सांग, म्हणणार होते.

ती आधीच म्हणाली, "मौसी, मैं जो देखी सो बोलूंगी. ज्यादा बोलूंगी नै."

"अगं, थोडं तरी."

"नै. तुमे बोलते वैसा मेरे को बोलना आताच नै."

माझ्यासारख्या बाईला हे ऐकावं लागावं! पण मी पाणी प्यायले आणि पट्ट्यावर परतले.

सुपरवायझरचं उत्तर आलं, दहा दिवसांच्या आत. सगळं नाकारलेलं, आणि सोबत माझे दोन जुने सुट्टीचे अर्ज जोडलेले. दोन्हींत माझी सासू वारलेली. ही बाई कायम खोटं लिहिते, असं म्हणणं.

चौकशीच्या दिवशी मॅडम होत्या, ऑफिसातला एकजण होता, आणि बाहेरून आलेल्या एक बाई, महिलांच्या संस्थेत काम करणाऱ्या. त्यांनी ते अर्ज टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"हे अक्षर तुमचं?"

"व्हय."

"सासूबाई खरंच वारल्या?"

इथं मला एक हजार उत्तरं सुचली. एक तर इतकं सुंदर होतं की अजून हळहळ वाटते. पण पाय दुखत होते, खुर्ची कडक होती, आणि नवीन काही रचायची ताकद उरली नव्हती.

"नाय. घरी आहे. दोन्ही वेळा मी खोटं लिहिलं."

"मग ह्या तक्रारीवर आम्ही का विश्वास ठेवावा?"

"माझ्यावर ठेवू नका. त्या शुक्रवारची तपासणीची वही बघा."

वही आणली. पहिली शिफ्ट, माझ्या जागेचा नंबर, टेप नसलेली खोकी दोन, लागोपाठ. मी तक्रारीत लिहिलेल्या वेळेलाच. नंतर त्या पोरीला बोलावलं. ती ओढणीचं टोक घट्ट धरून म्हणाली, पहिलं खोकं उघडं आलं म्हणून तिनं मान वर केली. त्यांचा हात मौसीच्या कमरेवर होता. मौसी काहीतरी बोलली, ते तिला पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग हात निघाला. चेहरे दिसले नाहीत.

"आणखी काही?"

"और कुछ नै देखी."

त्यानं समितीमार्फत तिला प्रश्न विचारले, तरी ती तेवढ्यावरच राहिली. एक शब्द पुढं नाही, एक मागं नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. अशी पोरगी माझ्या हाताखाली असती तर सुट्टीचा एक अर्ज मंजूर झाला नसता.

अहवाल आला. तक्रारीतल्या दोन्ही गोष्टी घडल्या, असं समितीनं धरलं. मंगळवारी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते मला वाटलं होतं जाईल, पण बाकी इतकं जुळलं होतं की तेही राहिलं. वाटेतला धक्का त्यांनी बाजूला ठेवला, कारण मीच सांगता येत नाही असं लिहिलं होतं. त्याला लेखी माफी, लेखी ताकीद, एक वेतनवाढ रोखणं आणि दुसऱ्या विभागात बदली. कंपनीनं मुदतीत ते केलं. माफी चार ओळींची होती. माझ्या मनानं तिची लगेच चाळीस पानं केली, पण मी घडी घालून ठेवून दिली.

बायका विचारतात, काय झालं गं, सांग की. त्यांना चार पानांवालं पाहिजे. मी म्हणते, बोलायचं नाही असं आहे. त्यांना वाटतं मी भाव खातेय. अर्ज मात्र अजून माझ्याकडूनच लिहून नेतात. परवाच एकीची आत्या आजारी पाडली. मारली नाही, बरी होईल असं ठेवलं.

नवीन सुपरवायझर पिवळ्या रेषेच्या पलीकडून बोलतो. चांगला आहे. पण मागून कुणीही गेलं की माझी पाठ अजून ताठ होते. कुणी काही करत नाही, तरी होते. टेप हातात असते, खोकी येत राहतात, आणि मी मोजते. एक गेलं. दोन गेली. तोवर ते माणूस पुढं निघून गेलेलं असतं, आणि मग मी श्वास सोडते.