काळे वाटाणे आणि विमलाबाईंचं नाक

बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या त्या सात मजली बिल्डिंगमध्ये विमलाबाईंच्या नाकापुढे कुणाचं काही चालत नसे. तिसऱ्या मजल्यावर दूध उतू जायला लागलं की पाचव्या मजल्यावरून यांची हाक जायची, "अगं, गॅस बघ!" बाईंनी तीस वर्षं मुंबईच्या सरकारी इस्पितळात आयाबाई म्हणून काढली होती. पेशंटला शौचाचं भांडं द्यायचं, भांडं उचलायचं, त्यात काय आहे ते सिस्टरला सांगायचं. एवढ्या वर्षांत नाक असं तयार झालं होतं की विचारू नका.

पण गावाला, रत्नागिरीकडे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे त्या 'नर्सबाई' होत्या. ही थाप त्यांच्या नवऱ्याची, काशीनाथरावांची. लग्नानंतर पहिल्याच शिमग्याला त्यांनी भावकीत ठोकून दिलं, "आमची मंडळी नर्स आहे." बायको लोकांची भांडी उचलते हे सांगायला जीभ रेटली नाही. विमलाबाईंनी ती थाप चालू दिली. पण दर शिमग्याला गावच्या बायका बीपीच्या गोळ्या विचारायला आल्या की त्यांना आत कुठेतरी टोचायचं.

यंदा शिमगा तोंडावर आला होता. गुरुवारी रात्रीची गावची बस. पालखी पहिल्यांदा खांद्यावर घेऊन नाचवायचा मान काशीनाथरावांच्या घराचा, आणि वय सदुसष्ट. गुडघे बोंबलत होते. तरी स्वारी हॉलमध्ये सोफा सरकवून, खांद्यावर उशी धरून सराव करत होती.

विमलाबाई दोन दिवस लेकीकडे, समिधाकडे चेण्याला गेल्या होत्या. जाताना काळ्या वाटाण्याचं सांबार करून अर्धं नवऱ्याला ठेवलं, अर्धं लेकीला नेलं. मंगळवारी सकाळी परत आल्या, चप्पल काढली आणि दारातच थांबल्या.

घरात उदबत्तीचा वास. तोही संडासातून.

देवापुढे एक काडी लावली तरी खोकणारा हा माणूस संडासात उदबत्ती लावतो? विमलाबाईंनी हळूच श्वास आत घेतला. उदबत्तीच्या खाली दुसरा वास होता, उग्र, कुजकट, थोडा गोडसर. तो त्यांना चांगला ओळखीचा होता. वॉर्डात असा वास आला की त्या भांडं झाकायच्याही आधी सिस्टरला हाक मारायच्या.

"पोट बरं आहे ना तुमचं?"

"एकदम टकाटक," काशीनाथराव म्हणाले. चेहरा मात्र पिठासारखा पांढरा आणि कपाळावर घाम.

"काळं होतंय का?"

"तुला नको तिथे नाक खुपसायची सवयच आहे! वाटाणे खाल्ले ना परवा? काळे खाल्ले, काळंच होणार."

"तेच वाटाणे मी खाल्ले, समिधाने खाल्ले, तिच्या आरोहीने तर दोन वाट्या ओरपल्या. आमचं कुणाचं काळं नाही."

"आता गावाला जायच्या तोंडावर तू मला डॉक्टरकडे नेणार आणि तो मला ॲडमिट करणार. मी येत नाही, जा!"

बरं, असं आहे का? विमलाबाईंनी वाद घातला नाही. त्या गुपचूप आत गेल्या, फ्लशचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली आणि बादली गॅलरीत नेऊन ठेवली. जेटला पाणी ठेवलं, दुष्टपणालाही काही मर्यादा असते. मग बाहेर येऊन शांतपणे लसूण सोलत बसल्या.

अर्धा तासही गेला नाही. काशीनाथराव घाईघाईने आत गेले. मग खटका दाबल्याचा आवाज आला. पुन्हा आला. पुन्हा आला.

"विमल! पाणी गेलं का?"

"दार उघडा. बघू द्या."

"लाज नाही का गं तुला?"

"इस्पितळात लागले तेव्हाच सोडली. उघडा."

दार उघडलं. विमलाबाईंनी एकदाच वाकून पाहिलं. डांबर! काळंकुळकुळीत, चकचकीत, भांड्याला चिकटून बसलेलं. थट्टा तिथेच संपली.

"अहो, हे रक्त आहे. वर, जठरात कुठेतरी वाहतंय. खाली येईपर्यंत पचून काळं होतं, म्हणून लाल दिसत नाही. कुठल्या गोळ्या घेताय?"

काशीनाथरावांनी खिशातून पाकीट काढलं. गुडघ्यावरच्या वेदनाशामक गोळ्या, मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या. दहा दिवस, दिवसाला तीन, तेही चहावर. ते काहीतरी सांगायला वळले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी भिंत धरली. पुढच्या क्षणी उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी, काळपट तपकिरी.

विमलाबाईंनी त्यांना तिथेच खाली घेतलं, कुशीवर वळवलं आणि १०८ लावला. "रक्ताची उलटी, काळी शौच, चक्कर. पेशंट उभा राहू शकत नाही. लवकर या." आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधला साहिल धावत आला. हातात थंड दुधाचा ग्लास.

"आंटी, ॲसिडिटी होगी, ये पिला दो."

"मुँह में कुछ नहीं जाएगा! ना दूध, ना पानी, ना गोली. तू लिफ्ट पकडके रख."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या नवऱ्याचा हात धरून बसल्या. हात गार पडला होता. "गुरुवारची बस..." ते पुटपुटले. "बस गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या.

इस्पितळात डॉक्टर रुचिता होत्या, लेकीच्या वयाच्या. विमलाबाईंनी एका दमात सांगितलं: काळं कसं, किती वेळा, उलटी केवढी, चक्कर कधी. आणि गोळ्यांचं पाकीट हातात दिलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, एकशे वीस. बीपी नव्वद. दोन्ही हातांना सुया लागल्या, सलाईन चढलं, रक्ताची बाटली मागवली गेली.

"सगळं इतकं नेमकं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "नर्स आहात का?"

स्ट्रेचरवरून क्षीण आवाज आला, "हो... नर्स."

अशा वेळीसुद्धा!

रक्तदाब जरा वर आल्यावर तोंडातून दुर्बीण घातली. जठरात जखम, त्यातली एक शीर झिरपत होती. तिला चिमटा लावून रक्त थांबवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "लोक लाल रक्ताची वाट बघत घरी बसतात. गुरुवारी हे बसमध्ये असते, तर घाटात कुणी काय केलं असतं?"

पालखीच्या दिवशी काशीनाथराव पलंगावर टेकून होते. गावाहून चुलतभावाचा, विठूचा फोन आला. स्पीकरवर ढोल वाजत होते.

"काशी, वाचलास रं! वयनी नर्स म्हणून वाचलास."

काशीनाथरावांनी विमलाबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"नर्स नाय रे, विठू. आयाबाई होती ती. तीस वर्षं लोकांची भांडी उचलली तिने. नर्स असं मीच सांगितलं, मला लाज वाटायची म्हणून. आता पालखीपुढे सगळ्यांना ओरडून सांग. आया होती, म्हणून मी आहे."

विमलाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. खोलीत कसलाच वास नव्हता, तरी त्यांनी दोनदा नाक ओढलं.