पंधरा टक्के सूट

लेकीच्या पहिलीची फी वर्षाला चाळीस हजार होती. दर तीन महिन्यांनी दहा हजार, पहिला हप्ता जूनमध्येच. एकदम भरली तर पंधरा टक्के सूट, म्हणजे चौतीस. पडेगावच्या पुढची ती नवी खासगी शाळा. मे महिन्यात विचारायला गेलो, तेव्हा बाकांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. काचेमागच्या बाई हसून म्हणाल्या, "सगळे एकदमच भरतात." आवारात माणूस दिसत नव्हतं, तरी तासाची घंटा आपोआप वाजली. बाईंनी मान वर केली नाही.

मी आठवीत शाळा सोडून चंद्रपूरकडून इथं आलेला. मुलीचं तसं होऊ नये, एवढीच धास्ती. दहा हजार साठवले होते. उरलेल्या चोवीस हजारांची उचल, मी कामाला आहे त्या गुलमंडीतल्या कापड दुकानाच्या मालकांकडे मागितली.

"सहा हजार वाचतात, मालक. पंधरा टक्के."

"कशाचे पंधरा?" त्यांनी कापड मोजायचा गज खाली ठेवला. "पहिले दहा तर तुला कसंबी भरायचेच हाय. आज जादा देनार चोवीस. त्याच्या बदली पुढचे तीन हप्ते, तीस हजार, माफ. बरोबर?"

"व्हय."

"म्हंजी तू शाळेला चोवीस उसने देतोयस, अन् ती तीन-तीन महिन्यानं दहा-दहा फेडतीय." त्यांनी कापडाच्या चिठ्ठीवर आकडे मांडले. चोवीसावर महिना शेकडा चारनं तीन महिन्यांचं व्याज धरून दहा वजा केले, उरल्यावर पुन्हा तसंच. तिसऱ्या हप्त्याला जवळजवळ शून्य उरलं. "महिन्याला शेकडा चार! वर्षाचे अठ्ठेचाळीस, अन् व्याजावर व्याज धरलं तर त्याच्याबी वर."

"मग फायदाच की."

"अरे बावा, इतक्या भावानं पैसा कोन उचलतो? ज्याला बँक दारात उभं करत नाय तो." मग हलक्या आवाजात म्हणाले, "उचल घे, नाय म्हनत नाय. पन तुझ्या जागी मी हप्त्यानंच भरीन."

मी हप्त्यानं भरले. काचेमागच्या बाईंनी पावती देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सप्टेंबरचा हप्ता भरला तेव्हापासून लेक सांगायची, "आज दोन वर्ग एकत्र बसवले." पुढं, "आज बाईच आल्या नाहीत." रोज जेवताना एक वर्ग कमी व्हायचा.

डिसेंबरचे दहा हजार खिशात घालून लेकीला सोडायला गेलो, तर फाटकाला कुलूप. बाहेर पालक उभे. एकानं शाळेचा नंबर लावला. फोन आतच वाजू लागला, रिकाम्या इमारतीत, लांबवर. कुणी हललं नाही. वाजायचा थांबला, तरी आता कुणीतरी उचलेल म्हणून सगळे त्या दिशेलाच बघत होते.

"पूर्ण वर्षाचे भरलेत मी," शेजारचा माणूस म्हणाला. कुणाला, कळलं नाही.

मी खिशावर हात दाबून धरला. लेकीला तिथूनच रिक्षात घातलं आणि दुसऱ्या शाळेत नेलं. तिथल्या सरांनी त्या दहा हजारांत मार्चपर्यंत बसवून घेतलं. संध्याकाळी दुकानात मालकांच्या पाया पडायला वाकलो, तर ते मागं सरकले. "किती जनांनी पुरे भरले व्हते?" एवढंच विचारलं त्यांनी.