आष्टीच्या खारोडीचा सत्तेचाळीस नंबर

आष्टीच्या दीपमालाने नव्या जालन्यातल्या प्रदर्शनाचा फॉर्म हातात घेतला, तेव्हा तिच्या बचत गटातल्या अर्ध्या बायकांनी तोंड फिरवलं. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी त्या अशाच एका प्रदर्शनाला गेल्या होत्या. दोन पोती खारोडी नेली आणि दीड पोतं परत आणलं. टेबलावर बाजारात मांडतात तसा ढीग घातला होता. एका बाईने तर गाडी पार्क करून येऊन विचारलं होतं, "हे कबुतरांचं खाद्य आहे का?" दुसऱ्या एकीने मात्र मूठभर चाखली, डोळे मोठे केले आणि पुण्याला दोन किलो पाठवायला सांगितलं. दीपमालाने तिचा नंबर तळहातावर लिहून घेतला. संध्याकाळी भांडी घासताना तो धुऊन गेला. नुकसानीपेक्षा दीपमालाला तोच नंबर जास्त सलत होता.

खारोडी म्हणजे तिच्या सासूचा, चांगुणाबाईंचा हात. बाजरी भिजवून भरडायची, तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची आणि उन्हात कापडावर बोटाने बारीक बारीक तोडून वाळवायची. चांगुणाबाईंची खारोडी कच्चीच शेंगदाण्यासोबत खावी, तळायचीही गरज नाही.

"आत्या, या बारीला आधी खर्चा मांडू," दीपमाला म्हणाली. "मंग माल बनवू."

समाजमंदिराच्या ओट्यावर बायका बसल्या. तीन दिवसांचं स्टॉलचं भाडं साडेचार हजार. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. टेम्पोचे दीड हजार, बॅनरचे सहाशे, जाणाऱ्या दोघींच्या, दीपमाला आणि गटातल्या आसराबाईंच्या, जेवणखाणाला आणि वरखर्चाला नऊशे. मुक्काम आसराबाईंच्या जालन्यातल्या लेकीकडे, प्रांजलीकडे, म्हणून तो फुकट. बेरीज साडेसात हजार. दोनशे ग्रॅमचं पाकीट ऐंशी रुपयांना. बाजरी, मसाला, मजुरी, पाकीट, लेबल धरून ते पंचेचाळीसला पडत होतं.

"म्हंजी एका पाकिटामागं पस्तीस सुटतात," दीपमालाने हिशेब पुरा केला. "दोनशे पंधरा पाकिटं विकली, तर खर्चा निघतो. त्याच्या पुढचं आपलं."

"दोनशे पंधरा!" आसराबाई उडाल्याच. त्या गटातल्या सगळ्यात बोलक्या; त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती आणि आवाज अजून माळरानावरचाच होता. "आन् पुढच्या कोपऱ्याचा स्टॉल का न्हाई घेतला?"

"त्याचं भाडं आठ हजार. आणखी शंभर पाकिटं विकावी लागतील, बाई. ती कोण घेणार?"

असा सत्तेचाळीस नंबरचा, रांगेतला शेवटचा स्टॉल ठरला. तीनशे वीस पाकिटं भरली. लेबलावर वजन, तारीख, किंमत, अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक आणि गटाचा मोबाईल छापला. त्या रांगेत शेगडी पेटवायला मनाई आहे, हे दीपमालाने नियमांच्या कागदात आधीच वाचलं होतं. म्हणून तिने चवीला कच्ची खारोडी आणि भाजके शेंगदाणेच न्यायचं ठरवलं. शिवाय वीस ग्रॅमच्या दीडशे पुड्या बांधल्या. नाव-नंबर लिहील त्याला पुडी.

"फुकट वाटायची?" चांगुणाबाईंना ते पटलं नाही.

"फुकट न्हाई, आत्या. एका नंबराचं मोल हाय ते."

शुक्रवारी सकाळी आसराबाईंनी टेम्पोतून क्रेट उतरवले. दोघींनी ते उपडे घालून पायऱ्या रचल्या आणि त्यावर आसराबाईंच्या घरची काळी घोंगडी पसरली. काळ्यावर पिवळ्या लेबलाची पाकिटं लांबूनही उठून दिसू लागली. पुढे सुपात मोकळी खारोडी, शेजारी शेंगदाण्याची वाटी. बॅनरवर मोठ्या अक्षरांत "खारोडी" आणि खाली "तशीच खा, तळून खा". किमतीची पाटी हातभर.

"भाव झाकून ठेव की. गिऱ्हाईक विचारतं, मंग बोलता येतं," आसराबाई म्हणाल्या.

"विचारायला लाजणारं गिऱ्हाईक सरळ पुढं जातं."

तरीही पहिल्या दिवशी एक्केचाळीसच पाकिटं गेली. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. शेवटच्या स्टॉलपर्यंत पोचेस्तोवर लोकांच्या पिशव्या भरलेल्या असत. चाखून सगळे खूश, पण "उद्या घेते" म्हणून निघून जात. दीपमाला प्रत्येकाला रजिस्टर पुढे करी. नाव, मोबाईल, गाव, तिखट आवडलं की साधं. आणि शेवटी विचारी, "मेसेज पाठवला तर चालंल ना?" जो "उद्या घेते" म्हणे, त्याच्या नावापुढे ती चांदणी काढी.

शनिवारी संध्याकाळी स्टॉल झाकताना आसराबाई खुर्चीत बसल्या. "सव्वाशे झाली. आणखी नव्वद न्हाई गेली तर तोटा. गावात काय तोंड दाखवायचं?"

दीपमालाने रजिस्टर उघडलं. एकशे अठरा नावं होती. त्यातल्या बावन्न नावांपुढे चांदणी.

रविवारी सकाळी प्रांजलीच्या घरी चहा होताच दीपमाला आणि प्रांजली कामाला लागल्या. प्रांजली मोबाईल घेऊन बसली. "सगळ्यांना एकदम ब्रॉडकास्ट करून भागणार न्हाई, काकू. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला, त्यांनाच तो जातो. एकेकाला पाठवावं लागंल." तिने स्टॉलचा फोटो टाकून एकेकाला नावानिशी मेसेज धाडला: आज शेवटचा दिवस, स्टॉल सत्तेचाळीस, बाहेर जायच्या दाराजवळ. चांदणीवाल्या बावन्न जणांना दीपमालाने नऊनंतर स्वतः फोन लावले.

"जयभीम ताई, आष्टीची दीपमाला बोलून राह्यले. तुम्ही तिखट खारोडी चाखली होती. तुमची दोन पाकिटं बाजूला काढून ठेवू का?"

कुणी हो म्हटलं, कुणी फोन उचललाच नाही. एकजण डाफरलाही. दीपमालाने पुढचा नंबर लावला.

अकराला गेट उघडलं आणि पंधरा मिनिटांत एक बाई तडक शेवटच्या स्टॉलवर आली. मागे तिच्या दोन जावा. "फोन तुमचाच ना? काल रात्री ती पुडी आमच्या पोरांनी भांडून खाल्ली." सहा पाकिटं गेली. मग एक मास्तर आले, मग बँकेतल्या तिघी. आलेली माणसं सत्तेचाळीस नंबर विचारत येत होती, आणि वाटेतले लोक काय आहे ते बघायला त्यांच्या मागे. आसराबाईंचा आवाज मोकळा सुटला. दीड वाजता नव्वदावं पाकीट गेलं. दीपमालाने वहीवर बोट ठेवलं.

"बाई, खर्चा निघाला!"

आसराबाईंनी तिला अशी मिठी मारली की शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलवाल्या उठून उभ्या राहिल्या.

साडेचारला घोंगडीवर एकही पाकीट उरलं नाही. लोक मात्र येतच होते. दीपमालाने रजिस्टरचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, "ऑर्डर". संध्याकाळी नोकरदार मुलींची मेस चालवणारी तृप्ती आली. तिने शनिवारी चव घेतली होती.

"महिन्याला पाच किलो द्याल का? पण चव हीच पाहिजे, बिलकुल हीच."

"हात एकच हाय, ताई. बनवणारी आमची आत्याच."

सामान आवरताना आयोजकांचा माणूस आला. "मॅडम, पुढच्या वेळी पुढचा कोपरा घ्या की तुम्ही."

मागच्या वर्षी अशा माणसाशी बोलताना दीपमालाची नजर जमिनीवर असे. आज तिने कमरेवर हात ठेवला. "भाडं किती? दिवे किती? अन् शेगडी पेटवू देणार का? ते आधी सांगा, मंग बघू."

सोमवारी ती आष्टीत उतरली, तेव्हा चांगुणाबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. दीपमालाने ऑर्डरचं पान वाचून दाखवलं: सदतीस नावं, एकतीस किलो. म्हातारीने दोनदा वाचायला लावलं. मग उठून पदर खोचला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "अगं पोरींनो, बाजरी निवडायला या! जालन्याला जल्दी हाय!"